दोनशेचा कागद आणि दोन दमडीचं शहाणपण

आबांची राख वारणेत सोडून आम्ही कोडोलीला परत आलो. अंगणात चहाचे कप फिरत होते. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ आत गेला आणि साखरेच्या दुकानात मिळते तसली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बाहेर आला. पिशवीत घडी घातलेला पाचशेचा स्टँप होता. त्यावर नोटरीचा लाल शिक्का, आबांची तीन ठिकाणी सही आणि वर ठळक अक्षरात 'रद्द न होणारे वटमुखत्यारपत्र'. भाऊ म्हणाला, "दादा, मळ्यातल्या दहा गुंठ्यांचं माझ्याकडं कागदावर हाय सगळं."

मी त्याला म्हणालो, "परवा आबा गेले तेव्हाच तो कागदही गेला."

हे सांगताना मला लाज वाटत होती, कारण त्या कागदाच्या तळाशी दोन नंबरचा साक्षीदार म्हणून माझीच सही आहे. त्यामुळे हा लेख दुसऱ्या कुणावर दात काढण्यासाठी नाही. आमच्या घरच्या बुद्धीचा पंचनामा आहे. अर्थात तुमच्या घरची बुद्धी फार वेगळी असेल, असं समजायचं कारण मला तरी दिसत नाही.

आबा म्हणजे आमचे थोरले चुलते. त्यांना दोन मुलगे. मोठा पुण्यात नोकरीला, धाकटा काही वर्षांपूर्वी वारला. धाकट्याची बायको, म्हणजे आबांची विधवा सून, त्यांच्यासोबत राहून त्यांचं सगळं करायची. काकू आधीच गेलेल्या. शेवटची आठ वर्षं ऊस माझ्या भावानं पाहिला: लागण, भरणी, तोड, कारखान्याची बिलं, सगळं. आबांच्या मनात दोनच गोष्टी होत्या. त्यांनी स्वतः विकत घेतलेला स्वतंत्र गटाचा दहा गुंठ्यांचा तुकडा पुतण्याला द्यायचा आणि राहतं घर सुनेला. बाकीचं मुलगा आणि सून यांनी आपापसात बघून घ्यावं.

इतकी साधी इच्छा. ती घेऊन आम्ही एका दस्तलेखकाकडं गेलो. त्यांचं नाव घेत नाही, कारण चूक त्यांच्या एकट्याची नाही. आम्ही खुर्चीवर बसायच्या आधीच माझ्या भावानं विचारलं, "स्वस्तात काय बसंल?" आणि त्या एका प्रश्नानं आमचा सगळा खेळ संपला. दुकानदाराला कापड कसं टिकेल ते न विचारता स्वस्त कुठलं ते विचारलं, तर तो जे आधी विटणार तेच काढून देणार.

दस्तलेखकानं बोटावर मोजून सांगितलं. बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क लागतं आणि नोंदणी करावीच लागते. मृत्युपत्राला शुल्क नाही, पण आबा हयात असेपर्यंत त्याचा उपयोग नाही. वटमुखत्यारपत्र पाचशेत होतं, त्यावर हवं ते सगळं करता येतं, विकतासुद्धा येतं. "रद्द न होणारं असं टाकतो," ते म्हणाले, "मग कुणाच्या बापाला तोडता येत नाही." आम्ही माना डोलावल्या. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की सरकार एका कागदाला हजारो रुपये मागतं, एकाला काहीच मागत नाही आणि एकाला पाचशेत सोडतं, त्यामागं काही कारण असेल. मुद्रांक शुल्क ही सरकारची लहर नसते. कागद मालमत्तेचं काय करतो त्याचा तो भाव असतो.

बक्षीसपत्र मालकी आजच हलवतं. आबांनी सही केली, सुनेनं ते आबा हयात असताना स्वीकारलं आणि दस्त नोंदला की घर सुनेचं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हे स्पष्ट आहे: स्थावराचं बक्षीस नोंदणीकृत दस्तानंच होतं आणि त्यावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या १७ व्या कलमातही बक्षीसपत्राची नोंदणी सक्तीची आहे. घरात बसून शंभराच्या स्टँपवर 'मी हे घर तुला दिले' असं लिहून ठेवणारे महाभाग गावोगाव आहेत. त्यांनी स्टँपवर खर्च केलेले शंभरच तेवढे 'दिले' म्हणायचे.

मृत्युपत्र मालकी आज हलवत नाही. माणूस गेल्यावर काय व्हावं एवढंच ते सांगतं, आणि तो हयात असेपर्यंत शंभर वेळा बदलता येतं. म्हणून महाराष्ट्रात त्यावर मुद्रांक शुल्क नाही. कोऱ्या कागदावर लिहिलं तरी चालतं. नोंदणी ऐच्छिक, आणि केली तर फी शंभर रुपये.

आणि वटमुखत्यारपत्र? ते मालकी हलवतच नाही, आज नाही, उद्या नाही, मेल्यावर तर मुळीच नाही. ते फक्त आपला हात दुसऱ्याला उसना देतं. मी पुण्यात आहे, तू माझ्या वतीनं कारखान्यात जा, बँकेत सही कर, दस्त नोंदव. उसना हात घेणारा मालक होत नाही आणि हात देणारा गेला की हातही जातो. १८७२ च्या करार कायद्याचं २०१ वं कलम हेच सांगतं. २०२ वं कलम त्याला एक अपवाद ठेवतं: ज्याला अधिकार दिला, त्याचं स्वतःचं काही हित त्या मालमत्तेत आधीच गुंतलेलं असेल तर. माझ्या भावानं त्या दहा गुंठ्यांचे पैसे दिले नव्हते, कर्ज दिलं नव्हतं, करार केला नव्हता. त्यानं घाम घातला होता, आणि आठ वर्षांच्या घामाची नोंद त्या कागदात एका ओळीचीही नव्हती. 'रद्द न होणारे' हे शब्द ठळक टाईपात छापल्यानं हित निर्माण होत नसतं. तसं होत असतं तर पत्रिकेत 'चिरंजीव' छापलेली पोरं अमर झाली असती.

आता त्या पाचशेची गोष्ट. पाचशेत भागलं म्हणून आम्ही खूश होतो. पण महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतला ४८ वा अनुच्छेद नीट वाचला असता तर पाचशेही पुरेसे नव्हते. मोबदला न घेता स्थावर विकण्याचा अधिकार दिला तर पाचशेची सवलत आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगी, नातवंडं आणि तसल्या जवळच्या नातेवाइकांसाठी आहे. इतर कुणाला तो अधिकार दिला तर शुल्क खरेदीखताइतकं, तेही बाजारमूल्यावर. पुतण्या 'तसल्या जवळच्या' मध्ये बसतो की नाही, यावर उद्या कोर्टात वकील एकमेकांचे गळे धरतील. शुल्क कमी भरलेला दस्त न्यायालयात पुराव्याला घेतला जात नाही, जप्त होतो आणि वरचं शुल्क दंडासह भरावं लागतं. शिवाय स्थावराच्या हस्तांतरणाबद्दलचं 'रद्द न होणारं' मुखत्यारपत्र महाराष्ट्रात नोंदवावंच लागतं. आमचं नुसतंच नोटरीकडचं. म्हणजे ज्या शब्दावर आमचा सगळा विश्वास होता, त्याच शब्दानं आमचा कागद आणखी अडचणीत आला. याला म्हणतात स्वतःच्या हातानं स्वतःच्या धोतराला गाठ मारणं.

कुणाला वाटेल, ही आमच्या एका घरातली खुळचटपणाची गोष्ट. नाही. दिल्ली-हरियाणात वर्षानुवर्षं विक्रीचा करार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी तिन्ही कागदांची मोळी बांधून लोक फ्लॅट आणि प्लॉट 'विकत' होते. शुल्क वाचवायचं आणि कायद्याला वळसा घालायचा. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०११ ला 'सूरज लॅम्प अँड इंडस्ट्रीज विरुद्ध हरियाणा राज्य' या खटल्यात सांगितलं की असल्या कागदांनी मालकी जात नाही, ती नोंदणीकृत हस्तांतरण दस्तानंच जाते. हा निकाल येऊन दशक उलटून गेलं तरी आमच्या तालुक्यातल्या टपऱ्यांवरची बांबूची टेबलं अजून तीच मोळी बांधतात. फक्त टाईपरायटरच्या जागी संगणक आला.

मग आबांनी काय करायला हवं होतं? आता पाण्याबाहेर पडल्यावर मी पोहण्याचे धडे देतो आहे, ठाऊक आहे. तरी हिशेब मांडतो, कारण आकड्यांपुढं आमची चतुराई जास्त उघडी पडते.

घर घेऊ. समजा, वार्षिक मूल्य दर तक्त्याप्रमाणं त्याचं मूल्य पंधरा लाख धरलं. सुनेला बक्षीस द्यायचं तर किती? लोक छाती ठोकून सांगतात, दोनशे रुपये. २०१५ पासून ३४ व्या अनुच्छेदात तशी तरतूद आहे हे खरं: निवासी किंवा शेतीची मालमत्ता नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क दोनशे. पण दोनशे म्हणजे सगळा खर्च दोनशे असं कुठं लिहिलंय? ग्रामीण भागात मूल्याच्या एक टक्का जिल्हा परिषदेचा अधिभार वेगळा. पंधरा लाखांवर तो पंधरा हजार. नोंदणी फी दोनशे आणि दस्ताच्या प्रत्येक पानाला हाताळणी शुल्क वेगळं. एकूण साडेपंधरा हजारांच्या घरात. दोनशेची नोट घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जाणारा माणूस पंधरा हजारांचा आकडा ऐकून खाली बसतो आणि 'साले सगळे खाणारे' म्हणत घरी येतो. खाणारे असतीलही, पण हे पंधरा हजार कुणी खाल्लेले नाहीत.

आणि यादी नीट वाचा. 'मयत मुलाची बायको' असं लिहिलंय. मुलगा जिवंत असता तर हीच सून त्या यादीत नसती आणि तिच्या बक्षीसपत्राला खरेदीखताइतकं शुल्क लागलं असतं. सून म्हणून तिला दोनशेची सवलत मिळायची तर आधी नवरा गमवावा लागतो. ही ओळ ज्यानं लिहिली त्याच्या घरी सून नसावी, किंवा असून बोलत नसावी.

तसंच दुकानाचा गाळा किंवा बिगरशेती प्लॉट असेल तर दोनशेची सवलत नाही. तिथं नवरा, बायको, भाऊ, बहीण आणि सरळ रेषेतले पूर्वज-वंशज यांना तीन टक्के, वर जिल्हा परिषदेचा एक टक्का. एकाच बापानं एकाच मुलाला एकाच दिवशी शेत आणि गाळा दिला तर शेताला दोनशे आणि गाळ्याला तीन टक्के. भावाला शेत दिलं तरी तीनच टक्के, कारण भाऊ दोनशेच्या यादीत नाही. पुतण्या, जावई, भाचा आणि जिवंत मुलाची बायको दोन्ही यादींच्या बाहेर.

आता माझ्या भावाचे दहा गुंठे. मूल्य दहा लाख धरलं तर बक्षीसपत्राला खरेदीखताचा दर. आमच्या ग्रामीण भागात अधिभारासह तो पाच टक्के, म्हणजे पन्नास हजार. शिवाय नोंदणी फी एक टक्का, दहा हजार. (ही फी तीस हजारांवर जात नाही, पण इथं तेवढी होतच नव्हती.) एकूण साठ हजार. आमची 'बचत' झाली ती या साठ हजारांतून पाचशे वजा जाता, म्हणजे साडेएकोणसाठ हजार. त्या बचतीच्या नादात माझ्या भावानं दहा लाखांचे दहा गुंठे घालवले.

आणि साठ हजार जड वाटत होते, तर त्याच्यासाठी मृत्युपत्र होतंच. शुल्क शून्य, नोंदणी शंभर रुपये. तरी आम्ही ते का नाही केलं? कारण घरात कुणी म्हणालं, "आबा जिवंत असताना मेल्याचं कशाला लिहायचं?" उसाच्या पाण्याची पाळी चुकू नये म्हणून मध्यरात्री उठून आडसालीला बारं देणारी माणसं आम्ही, पण मृत्यूचं वेळापत्रक लिहायला आम्हाला अपशकुन वाटतो.

मृत्युपत्रातही लोक चुकतात, तेही सांगून टाकतो. पहिली चूक, नोंदवलं म्हणजे झालं. नोंदणीमुळं एवढंच दिसतं की अमुक माणूस अमुक दिवशी कार्यालयात आला होता आणि त्यानं सही केली. मृत्युपत्र पुढं सिद्ध करावंच लागतं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणं दोन साक्षीदार लागतात. आणि ते आबांपेक्षा वयानं लहान हवेत, नाहीतर सिद्ध करायला स्मशानातून बोलवावं लागेल. दुसरी चूक, नोंदवलेलं मृत्युपत्रच कायमचं असं धरणं. ते नंतरच्या साध्या कागदावरच्या मृत्युपत्रानंही मागं पडतं. शेवटचं खरं, मग त्याला शिक्का असो वा नसो. शिवाय म्हातारपणी लिहिताना त्या दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडावा, की माणूस शुद्धीवर होता. आणि जाता जाता, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हिंदू माणसाच्या अशा मृत्युपत्रासाठी प्रोबेट लागत नाही. मुंबईच्या नातेवाइकानं तसं सांगितलं असेल तर त्यानं मुंबईचं, तेही पूर्वीचं, सांगितलं. इथं मृत्यूच्या दाखल्यासह तलाठ्याकडं फेरफाराचा अर्ज जातो, नोटीस निघते आणि कुणी हरकत घेतली तर ती तक्रारी नोंद म्हणून वर सुनावणीला जाते.

इथं आणखी एक खाच आहे. आबांचे दहा गुंठे स्वतःच्या कमाईचे होते म्हणून वरचा सगळा हिशेब. कोडोलीच्या निम्म्या सातबाऱ्यांवर मात्र वडिलोपार्जित जमीन आहे. एकत्र कुटुंबातला आपला न वाटलेला हिस्सा बाकीच्या हिस्सेदारांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या ३० व्या कलमानं तोच हिस्सा मृत्युपत्रानं देता येतो. म्हणजे जिथं बक्षीसपत्र लटकतं तिथं मृत्युपत्र चालतं. किती स्टँप लागेल हे विचारण्याआधी जमीन कुणाच्या कमाईची, हे विचारायचं असतं. आम्ही आधी स्टँप विचारला. लग्न ठरवायच्या आधी वाजंत्री सांगितल्यासारखं.

सुनेच्या घराबाबतही एक शहाणपण करता आलं असतं. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की मन बदललं म्हणून मागं घेता येत नाही. म्हणून म्हाताऱ्यांना भीती वाटते, आणि ती खोटी नाही. दस्तातच लिहावं की देणाऱ्याला मरेपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क आहे आणि घेणाऱ्यानं त्याचा सांभाळ करायचा आहे. सांभाळ नाही केला तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाखाली प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ही अट सिद्ध व्हायला हवी असं सांगितलं आणि जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित खटल्यात म्हाताऱ्यांच्या बाजूनं कायदा उदारपणे वाचला. पण न्यायालय उदार होईल या आशेवर दस्त लिहायचा नसतो. अट कागदात हवी. एक वाक्य. त्या वाक्याला वेगळं शुल्क लागत नाही.

आबांना एकदा आम्ही दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं होतं, एका वेगळ्याच कामाला. तिथं कॅमेऱ्यासमोर बसवून अंगठा यंत्रावर ठेवायला लावला. यंत्रानं तो तीनदा नाकारला. जन्मभर उसाचा पाला काढून काढून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्या होत्या. चौथ्यांदा कर्मचाऱ्यानं ओल्या कापडानं अंगठा पुसून दिला तेव्हा तो उमटला. आबा हसून म्हणाले, "बगा, म्या हाय म्हणून मशीन पण मानंना." त्या दिवशी तिथंच, त्याच खिडकीवर, सुनेसाठीचं बक्षीसपत्र आणि पुतण्यासाठीचं मृत्युपत्र दोन्ही झालं असतं. आम्ही दुसऱ्या कामाला आलो होतो म्हणून परत गेलो.

आता हिशेबाची बेरीज. आबांनी मृत्युपत्र केलं नाही, म्हणून सगळं वारसांकडं गेलं: निम्मं मुलाला, निम्मं मयत मुलाच्या वाट्याचं म्हणून सुनेला. सुनेला काही ना काही मिळालं. पण तिला जे द्यायचं होतं ते घर आता अर्धं पुण्याच्या दिराचं आहे, आणि तो 'विकून वाटून घेऊ' म्हणतो. माझ्या भावाला कायद्यानं शून्य. त्याचा वटमुखत्याराचा कागद घेऊन तो तलाठ्याकडं गेला होता. तलाठ्यानं मृत्यूचा दाखला मागितला, वाचला आणि कागद परत दिला. वाद घातला नाही, टिंगल केली नाही. त्याला नुसता तारखांचा क्रम दाखवला.

कागदाच्या तळाशी दोन नंबरच्या साक्षीदाराची सही अजून आहे. ती कुठल्याच कोर्टात उपयोगी पडणार नाही. फक्त माझ्या घरी, जेवायला बसल्यावर, भाऊ समोर असला की ती दिसते.